उस्ताद येणार नाहीत, हे बॅचला केव्हा कळते?

अंधेरी, साकीनाका, घाटकोपर या पट्ट्यात रविवारी सकाळी अनेक छोटे प्रशिक्षण वर्ग भरतात. कोठे शिवणकाम, कोठे मोटर वाइंडिंग, कोठे एसी-फ्रिज दुरुस्ती. शिकायला येणारे बहुतेक कारागीर बांधव आठवड्याचे सहा दिवस कामावर असतात. सातवा दिवस ते वर्गाला देतात, म्हणजे त्या दिवशी मिळू शकणारी मजुरी सोडून येतात. अशा माणसाने मुंब्र्याहून किंवा मालवणीहून दीड-दोन तास प्रवास करावा आणि दारात त्याला सांगितले जावे की आज उस्ताद आले नाहीत, पुढच्या रविवारी या, हे योग्य नव्हे. त्याची मजुरी गेली, भाडे गेले आणि एक धडाही गेला.

उस्तादाने ऐनवेळी नकार देणे हा सर्वस्वी त्याचा दोष असतोच असे नाही. एसी दुरुस्ती शिकवणारा उस्ताद स्वतः धंद्यातला माणूस असतो. एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या कायमच्या गिऱ्हाइकाचे मशीन शनिवारी रात्री बंद पडले, तर तो रविवारी सकाळी तिकडेच जाणार. रविवारी मध्य आणि पश्चिम रेल्वेवर मेगाब्लॉक असतात, घरी आजारपण असते. तेव्हा नकार येणार हे गृहीत धरूनच वर्ग चालवला पाहिजे. वास्तविक प्रश्न उस्ताद का आला नाही हा नाही. वर्ग चालवणाऱ्याने त्यानंतरच्या एका तासात काय केले, हा आहे.

घड्याळ कोणाचे धरायचे?

बहुतेक चालक वर्गाची वेळ डोळ्यांसमोर ठेवतात. वर्ग दहाला आहे, म्हणजे साडेनऊपर्यंत बदली उस्ताद मिळाला तरी चालेल, असा त्यांचा हिशेब असतो. आमच्या मते हा हिशेबच चुकीचा आहे. खरी मुदत म्हणजे सर्वांत दूरचा शिकाऊ घरातून पाऊल बाहेर टाकतो ती वेळ. त्यानंतर आलेला निरोप त्याच्या उपयोगाचा नाही.

म्हणून प्रवेश घेतानाच नाव आणि फोन नंबराबरोबर आणखी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. तो घरून किती वाजता निघतो, आणि निरोप त्याला कोणत्या भाषेत, वाचून की ऐकून कळतो. ही यादी कागदावर असावी आणि चालकाखेरीज आणखी दोघांकडे तिची प्रत असावी. चालकाचाच फोन बंद पडला तर यादी त्यातच अडकून राहते.

एक उदाहरण

समजा, साकीनाका मेट्रो स्टेशनजवळ एसी दुरुस्तीचा वर्ग आहे. बॅच अठरा जणांची, वेळ सकाळी दहाची. मुंब्र्याचा शिकाऊ आठला निघतो, मालवणीचा सव्वाआठला, मुलुंडचा पावणेनऊला आणि कुर्ल्याचा सव्वानऊला. म्हणजे अखेरची मुदत पावणेआठ. आता पावणेसातला उस्तादाचा फोन आला की येणे जमत नाही. हातात बरोबर एक तास आहे.

पहिले पाच मिनिटांचे काम बदली शोधण्याचे नाही, निरोपाचे आहे. बॅचला लगेच कळवावे : "आजच्या उस्तादांना अडचण आली आहे. पावणेआठपर्यंत दुसरा निरोप येईल. तोवर घरून निघू नका." पुष्कळ चालक हा अर्धा निरोप देत नाहीत. बदली मिळाल्यावर एकदमच सांगू, असे त्यांना वाटते. परंतु बदली मिळेपर्यंत मुंब्र्याचा माणूस गाडीत बसलेला असतो. अर्धा निरोप वेळेवर गेला, तर पुऱ्या निरोपासाठी सवड मिळते.

त्यानंतर साडेसातपर्यंत बदलीचा शोध. साडेसातला निर्णय, मग बदली मिळो वा न मिळो. शोध थांबवण्याची वेळ आधी ठरवली नाही, तर "आणखी एक फोन करून पाहू" असे करता करता मुदत टळते.

साडेसात ते पावणेआठ दुसरा निरोप. त्यात चारच गोष्टी असाव्यात : वर्ग आहे की नाही, कोण शिकवणार, धडा कोणता आणि काय आणायचे. शेवटी "मिळाले, असे कळवा" हे शब्द हवेत. उत्तर आले नाही त्याला निरोप पोचलाच नाही असे धरून फोन करावा. अठरा नावे तिघांनी वाटून घेतली, तर प्रत्येकाला जास्तीत जास्त सहा फोन. दहा मिनिटांत काम होते.

येथे व्हॉट्सअ‍ॅपची एक खोच लक्षात ठेवावी. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप ज्यांनी आपला नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यांनाच पोचतो. नव्या शिकाऊंनी तो केलेला नसतो आणि पाठवणाऱ्याला मात्र सर्वांना कळवल्याचे समाधान मिळते. त्यापेक्षा बॅचचा ग्रुप करून त्यात फक्त चालकांना लिहिता येईल अशी सोय ठेवावी. नाही तर मोठा निरोप शुभेच्छांच्या गर्दीत बुडतो. ज्यांना वाचणे अवघड जाते त्यांच्यासाठी तोच मजकूर आवाजात बोलून पाठवावा.

बदली उस्ताद कोठला?

बदलीची यादी लांबलचक नको, तीन नावे पुरेत. मात्र ती नकाशा पाहून निवडलेली हवीत. मुलुंड आणि बोरिवली नकाशावर समोरासमोर दिसतात, मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. निव्वळ लोकलने जायचे तर दादरपर्यंत खाली उतरून पुन्हा वर जावे लागते. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून अंधेरी आणि घाटकोपर यांच्यातले अंतर मात्र खरोखर कमी झाले. म्हणून साकीनाक्याच्या वर्गाला घाटकोपरचा किंवा जोगेश्वरीचा उस्ताद तासाभरात येऊ शकतो. बोरिवलीच्या वर्गासाठी कांदिवली-मालाडचेच नाव हवे. मेगाब्लॉकची सूचना रेल्वे आधी जाहीर करते. ती शनिवारी पाहावी आणि तिघांपैकी एकाला त्याच संध्याकाळी विचारून ठेवावे की उद्या गरज पडली तर मोकळे आहात का. हंगामात या थांबण्याबद्दल थोडे मानधन द्यावे. फुकट थांबा म्हणणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही.

धडा बदला, हट्ट धरू नका

आता सर्वांत महत्त्वाची बाब. बदली उस्ताद मिळाला म्हणजे ठरलेलाच धडा झाला पाहिजे, असा चालकांचा आग्रह असतो. तो धोक्याचा ठरू शकतो. आपल्या उदाहरणात त्या दिवशीचा धडा व्हॅक्यूम आणि गॅस चार्जिंगचा आहे असे धरा. जुन्या आर-२२ वर हात बसलेले पुष्कळ मिस्त्री पंप न लावता थोडा गॅस सोडून पाइपातली हवा बाहेर ढकलतात, आणि पाइप किती गार लागतो यावर गॅसचा अंदाज बांधतात. नव्या मशिनांत आर-३२ गॅस असतो. तो थोडा का होईना, पेट घेणारा आहे. तेथे गॅस वजनानेच भरावा लागतो आणि पाइपात गॅस शिल्लक असताना टॉर्च लावणे म्हणजे अपघाताला बोलावणे. चुकीची सवय लावणारा बदली उस्ताद सुटीपेक्षा महाग पडतो.

म्हणून यादीत नाव घालण्यापूर्वीच दोन प्रश्न विचारावेत. व्हॅक्यूम पुरा झाला हे कशावरून ठरवता? "दहा मिनिटे पंप चालवतो" असे उत्तर आले, तर ते अपुरे आहे. मायक्रॉन गेजवर आकडा पाचशेच्या खाली आणतो आणि पंप बंद केल्यावर तो टिकतो का ते पाहतो, हे उत्तर बरोबर. दुसरा प्रश्न : आर-३२ च्या मशिनला टॉर्च लावण्याआधी काय करता? गॅस काढून घेतो, नायट्रोजनने लाइन साफ करतो, असे तो म्हणाला तर त्याला चार्जिंगचा धडा द्यावा. नाही तर नाव यादीत ठेवावे, पण त्याच्याकडून पाइप कापणे, वाकवणे आणि फ्लेअरिंग हाच सराव करून घ्यावा. हा सराव कोणत्याही बॅचला कधीच जास्त होत नाही, आणि फ्लेअर नीट न बसल्यानेच पुढे गॅस गळतो. चार्जिंग पुढच्या रविवारी.

याकरिता वर्गात एक वही असावी. कोणता धडा कोठवर आला, कोणाचा हात अजून बसला नाही, कोणते सामान शिल्लक आहे, हे उस्तादाने दर वेळी चार ओळींत लिहावे. ही वही नसेल तर बदली उस्तादाचा पहिला तास विचारपूस करण्यातच जातो. वर्ग सरकारी योजनेतला असेल तर प्रशिक्षक प्रमाणित असण्याची अट असते. तेव्हा बदलीची नावे योजनेच्या कार्यालयाला आधीच दाखवून घ्यावीत, अन्यथा त्या दिवसाची हजेरी धरली न जाण्याचा संभव आहे.

मुदत टळल्यावर

नकार पावणेआठनंतर आला तर? आमचे स्पष्ट मत असे की मग वर्ग रद्द करण्याचा हक्क चालकाने गमावलेला आहे. बदली मिळो न मिळो, वर्ग भरला पाहिजे. काही जण म्हणतील, कच्च्या धड्यापेक्षा सुटी बरी. घरी बसलेल्या माणसाच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु जो मजुरी सोडून निघाला आहे, त्याला चालकाच्या किंवा जुन्या शिकाऊच्या देखरेखीखाली फ्लेअरिंगचा सराव, हत्यारांची साफसफाई, मागच्या धड्याची उजळणी एवढे तरी मिळाले पाहिजे.

याला अपवाद एकच, रस्ताच बंद असणे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला आणि पश्चिम रेल्वे ठप्प झाली. अशा दिवशी बदली शोधत बसू नये. लगेच "वर्ग नाही, जेथे आहात तेथेच थांबा" असे कळवावे.

राहिला पैशाचा प्रश्न. बदली उस्तादाला पूर्ण मानधन आणि भाडे त्याच दिवशी द्यावे. मूळ उस्तादाने आदल्या रात्रीपर्यंत कळवले असेल, तर त्याच्याकडून काहीही कापू नये. कापले जाते हे समजले की लोक कळवायचे लांबवतात, आणि शेवटच्या घटकेला फोन करतात. आणि मुदतीनंतर निरोप देऊन वर्ग बुडवलाच, तर तो धडा फी न घेता पुन्हा घ्यावा आणि आलेल्यांचे भाडे द्यावे. हा नियम प्रवेशाच्या पावतीवर छापावा. फी भरण्यापूर्वी कारागीर बांधवांनीही तो पावतीवर आहे की नाही, हे पाहून घ्यावे.