पाच सूचना, एक पट्टी

सांगलीहून साताऱ्याकडे येताना वाटेतल्या एका शाळेत चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. बाई म्हणाल्या, "वही काढा, तारीख घाला, पान ४२ वरचं दुसरं गणित सोडवा, खाली रेघ मारा, वही टेबलावर ठेवा." एडीएचडी असलेल्या एका मुलाने वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. याला हट्ट म्हणू नये. ऐकलेलं मनात धरून ठेवायची जागाच तोकडी पडते. तिसरी सूचना येईतो पहिली निसटते.

बाईंनी मग फळ्याच्या कोपऱ्यात पाचही पायऱ्या क्रमाने लिहिल्या, त्याच्या बाकावर तशीच कागदी पट्टी चिकटवली. एक पायरी झाली की त्याने खूण करायची. "समजलं का?" याला मुलं हमखास "हो" म्हणतात, म्हणून त्या विचारू लागल्या, "आता पहिलं काय करशील?" उत्तर त्याच्या तोंडून आलं की मगच पुढं.

पट्टी समोर असूनही तो गणितापाशीच रोज अडला, तर अडचण लक्षाची नसून वाचनाची किंवा गणिताची असू शकते. ती वेगळी तपासावी लागते. पट्टी त्याच्यापुरती असली, तरी फळ्यावरची यादी सगळ्या वर्गासाठी असते, त्यामुळे तो एकटा वेगळा दिसत नाही.