अर्ज उद्यावर टाकू नका, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते

तुमच्या घरात, शेजारी किंवा नात्यात एखादी मुलगी सासर सोडून माहेरी आली असेल, तर हे आवाहन तुमच्यासाठी आहे. तिच्यासोबत लेकरू असेल, तर आणखीच. शाळेची फी, दूध, औषध, बसचे पैसे हे खर्च घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाहीत. निकालाला मात्र वर्षे लागतात. म्हणूनच कायद्याने अंतरिम पोटगीची सोय केली आहे. खटला चालू असताना जगण्यासाठी दरमहा मिळणारी ही रक्कम आहे. ती मागावी लागते. न मागता ती कोणी देत नाही.

बहुतेक घरांत इथेच वेळ जातो. "आधी बैठक घेऊ." "मामांना मध्ये घालू." "दिवाळीनंतर बघू." हे सगळे प्रेमापोटीच बोलले जाते. पण सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी नागपूरच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यायची. घर सोडल्याच्या दिवसापासून नाही आणि बैठक झाल्याच्या दिवसापासूनही नाही. अर्जाआधी गेलेले महिने हातातून गेलेलेच असतात.

एक हिशेब मांडून पाहा. समजा, सातारा जिल्ह्यातली एक मुलगी जानेवारीत सात वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी आली. नवरा चाकणच्या कारखान्यात कामाला आहे. घरच्यांनी समेटाची वाट पाहिली आणि अर्ज १० जूनला केला. आदेश पुढच्या वर्षी १० मार्चला झाला, दरमहा १०,००० रुपयांचा. जूनपासूनच्या नऊ महिन्यांचे ९०,००० रुपये तिला मिळू शकतात. जानेवारी ते जून या पाच महिन्यांचे ५०,००० मात्र या आदेशात येत नाहीत. त्या काळात माहेरच्यांनी केलेली उसनवारी तशीच राहते.

म्हणून आधी अर्ज करा, बैठक नंतरही घेता येते. अर्ज केल्याने समेटाचे दार बंद होत नाही. कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक असतात आणि शक्य असेल तिथे जुळवून देण्याचा प्रयत्न करणे हे त्या न्यायालयाचे कामच आहे. नांदायला जायचे ठरले, तर अर्ज मागे घेता येतो. गेलेले महिने मागे घेता येत नाहीत.

अर्ज कुठे करायचा, या प्रश्नावर अडू नका. पत्नी आणि मुलांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. पूर्वी लोक ज्याला "एकशे पंचवीस" म्हणत, तेच हे कलम. त्याखाली पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो, म्हणजे माहेरच्या गावाजवळही. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली त्याच न्यायालयात अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च मागा. घरात मारहाण झाली असेल, तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीही अंतरिम आदेश मिळतो. दोन ठिकाणी अर्ज केला, तर एकाची माहिती दुसऱ्या ठिकाणी द्या. लपवू नका. एकीकडे मिळालेली रक्कम न्यायालय दुसरीकडे हिशेबात धरते.

आता धोक्याची दुसरी जागा. कायदा म्हणतो, अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढा. ही तरतूद २००१ पासून आहे. पण हे ६० दिवस अर्जापासून मोजले जात नाहीत. समोरच्यावर नोटीस बजावली गेली की मगच मोजणी सुरू होते. बेलिफ जातो आणि नोटीस परत येते, "पत्त्यावर मिळून आले नाहीत" असा शेरा घेऊन. पुन्हा तारीख पडते. पुन्हा नोटीस निघते. ते ६० दिवस अजून सुरूही झालेले नसतात. वरच्या हिशेबातल्या मुलीचे पाहा. नोटीस २० ऑगस्टला बजावली गेली, म्हणजे तिची मुदत १९ ऑक्टोबरपर्यंत जाते. जून ते ऑगस्टचे एकाहत्तर दिवस केवळ पत्त्यापायी गेले.

हे तुम्ही टाळू शकता. अर्जात नवऱ्याचा एकच पत्ता देऊन थांबू नका. गावचे घर, शहरातली भाड्याची खोली, कारखाना किंवा कार्यालय, मोबाईल, ई-मेल, जे माहीत असेल ते सगळे द्या. नोटीस परत आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहत बसू नका. वकिलांना त्याच आठवड्यात नव्या पत्त्यावर नोटीस काढायला सांगा. दुसऱ्या मार्गाने बजावणीची परवानगी मागायला सांगा. नोटीस मिळूनही तो आला नाही, तर एकतर्फी आदेश मागा.

तिसरा धोका शपथपत्राचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या त्याच निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र बंधनकारक केले आहे. समोरच्याने ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचे असते आणि त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी मिळायला नकोत. तरीही कोणी मुद्दाम टाळाटाळ केली, तर न्यायालय त्याचा बचाव रद्द करू शकते. शपथपत्रे आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम पोटगी ठरवण्याचा प्रयत्न करावा, असेही न्यायालयाने सांगितले आहे. हे सगळे कागदावर आहे. प्रत्यक्षात समोरून मुदत मागितली जाते, आपल्या बाजूने कोणी हरकत घेत नाही आणि पुढची तारीख पडते.

तेव्हा तुमचे शपथपत्र अर्जासोबतच द्या. ते भरताना घाई करू नका आणि मोघम लिहू नका. "नवरा भरपूर कमावतो" या वाक्याने न्यायाधीशांच्या हाती काही लागत नाही. पगाराची जुनी पावती, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद, गाडीचा किंवा घराचा हप्ता, विम्याची पावती, जे हाती असेल ते जोडा. शेतकरी कुटुंबांसाठी शपथपत्राचा वेगळा नमुना आहे. त्यात जमीन किती, जिरायत की बागायत, पिके कोणती, जनावरे किती, हे विचारलेले असते. सातबारा आणि आठ-अ काढा. ऊस कोणत्या कारखान्याला जातो, दूध कोणत्या डेअरीला जाते, तेही लिहा. मग तुमचा खर्च मांडा. लेकीची फी, शिकवणी, भाडे, औषधे यांचा आकडा लिहा आणि पावती लावा. पोटगीचे ठरावीक गणित नाही. राहणीमान, गरजा, मिळकत आणि जबाबदाऱ्या पाहून रक्कम ठरते. जे कागदावर नाही, ते न्यायाधीशांना दिसत नाही.

स्वतःची मिळकतही खरी लिहा. शिवणकामाचे चार हजार येत असतील, तर चार हजार लिहा. थोडी कमाई आहे म्हणून पोटगीचा हक्क जात नाही आणि मुलाचा हक्क तर स्वतंत्र आहे. पण लपवलेली कमाई उलटतपासणीत उघडी पडली, की तुमच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

उशीर किती लांबू शकतो, ते त्याच नागपूरच्या प्रकरणात दिसते. मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये, पत्नीने घर सोडले. सप्टेंबरमध्ये अंतरिम पोटगीचा अर्ज झाला. कुटुंब न्यायालयाचा आदेश ऑगस्ट २०१५ मध्ये आला. पत्नीला दरमहा १५,००० आणि मुलाला आधी ५,०००, नंतर १०,००० रुपये. पतीने तो आदेश उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात नेला. शेवटचा शब्द २०२० मध्ये पडला, तोवर ते बाळ शाळेत जायच्या वयाचे झाले होते. त्या आईच्या हाती एक भक्कम गोष्ट होती. अर्ज २०१३ मध्येच दाखल झालेला होता आणि पोटगीही सप्टेंबर २०१३ पासूनच धरली गेली.

आदेश मिळाला म्हणून निश्चिंत होऊ नका. पैसे दोन महिने आले नाहीत, तर तिसऱ्याची वाट पाहू नका. कलम १४४ खालची थकबाकी देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. वर्ष उलटले, तर त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. न देणाऱ्याला प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही. एक वही ठेवा. कोणत्या महिन्याचे किती आले, किती राहिले, ते लिहा. रक्कम बँकेतूनच घ्या.

तुम्ही त्या मुलीचे भाऊ असाल, तर तिच्यासोबत तारखेला जा. तुम्ही वडील असाल, तर तिला एकदा तरी स्पष्ट सांगा की पोटगी मागणे ही भीक नाही. तुम्ही वकील असाल, तर मुदतीच्या अर्जावर हरकत घ्या आणि ६० दिवसांची तरतूद न्यायालयाच्या नजरेस आणून द्या. आणि तुम्ही नवरा असाल, तर तुम्हालाही कळकळीने सांगतो. भांडण नवरा-बायकोचे आहे, लेकराचे नाही. खरे शपथपत्र वेळेत द्या. आदेशाची वाट न पाहता आजपासून जमेल तेवढी रक्कम बँकेतून पाठवा. तिची नोंद राहते आणि ती हिशेबात धरण्याची मागणी तुम्हाला करता येते. टाळलेला प्रत्येक महिना तुमच्याच डोक्यावर थकबाकी होऊन बसतो. तुमची मिळकत नसेल आणि पत्नी कमावती असेल, तर हिंदू विवाह कायद्याचे कलम २४ तुम्हालाही अर्ज करू देते.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, म्हणून थांबला असाल तर थांबू नका. स्त्रियांना आणि मुलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, मिळकत कितीही असो. जिल्हा न्यायालयातले विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुक्याची विधी सेवा समिती वकील देते. १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. आत्ता लिहून घ्या.

या आठवड्यात एवढे करा. लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, फीच्या पावत्या आणि नवऱ्याच्या मिळकतीचा जो सापडेल तो कागद एका पिशवीत घाला. त्याचे सगळे पत्ते एका कागदावर लिहा. तालुक्याच्या न्यायालयात जा, विधी सेवा समितीचे कार्यालय विचारा आणि अर्ज लिहून घ्या. दाखल झाल्याची तारीख असलेली प्रत हातात घेतल्याशिवाय परत येऊ नका. तुमच्या लेकराची पोटगी त्याच तारखेपासून मोजली जाणार आहे.