संतांवर सूफींचा प्रभाव होता? आधी पुरावा मागा

लातूरच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या पोरांच्या वह्यांत एक ओळ हमखास सापडते : "भक्ती चळवळीवर सूफी पंथाचा प्रभाव पडला व त्यातून समतेचा विचार पुढे आला." नांदेडला सलोख्याची सभा असली की व्यासपीठावरून हीच ओळ भाषणाच्या रूपात येते. आणि सभा संपायच्या आत मोबाईलवर दुसरी ओळ फिरू लागते : "भक्ती चळवळ म्हणजे इस्लामी आक्रमणाला हिंदू समाजाने दिलेले उत्तर."

पहिली ओळ ऐकून आपण टाळ्या वाजवतो, दुसरी ऐकून चिडतो. पण मित्रांनो, दोन्ही ओळी एकच काम करतात. चोखोबा, नामदेव, रविदास यांना समता हवी होती ती त्यांच्या स्वतःच्या जगण्यातून, हे दोन्ही ओळी नाकारतात. एकीला वाटते त्यांना समता बाहेरून कोणीतरी शिकवली. दुसरीला वाटते ते धर्मरक्षणासाठी उभे राहिले. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःचा प्रश्न स्वतः विचारता येतो, हे मात्र दोघींनाही सुचत नाही.

हा वाद आजचा नाही. डॉ. ताराचंद यांनी 'इन्फ्लुएन्स ऑफ इस्लाम ऑन इंडियन कल्चर' या ग्रंथात मध्ययुगीन धर्मसुधारणेवर इस्लामचा मोठा ठसा दाखवला. हिंदी साहित्याचे इतिहासकार रामचंद्र शुक्ल यांनी उलट बाजूने मांडणी केली, की पराभूत आणि निराश झालेला हिंदू समाज भक्तीकडे वळला. हजारीप्रसाद द्विवेदींनी ही मांडणी नाकारताना म्हटले, की इस्लाम आला नसता तरी हे साहित्य रुपयात बारा आणे आज आहे तसेच असते. द्विवेदींचा हिशेब मला उपयोगी वाटतो. कारण त्यामुळे आपल्याला दोन प्रश्न नीट विचारता येतात : ते बारा आणे कुठून आले, आणि उरलेले चार आणे नेमके कशात दिसतात?

पहिली कसोटी तारखांची. ज्याचा प्रभाव पडला म्हणता, तो आधी तिथे हजर हवा. लातूर जिल्ह्याची सीमा ओलांडली की बसवकल्याण लागते. तिथे बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांनी चर्मकार हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस यांच्या घरांत सोयरीक जुळवली, आणि त्याची जबर किंमत मोजली, असे परंपरा सांगते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी आपल्याच मराठवाड्यात, पैठणच्या परिसरात वावरत होते. त्यांच्या आठवणी सांगणारे 'लीळाचरित्र' 1278च्या सुमाराचे आहे, आणि त्यात विटाळाच्या कल्पनेला थेट हात घातलेला आहे. अल्लाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीवर आली ती 1296 साली. मुहम्मद तुघलकाने दौलताबादला राजधानी हलवायचा घाट घातला तो 1327च्या सुमाराला, आणि चिश्ती सूफींची मोठी वस्ती इकडे झाली ती त्याच काळात. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब 1337 साली इथेच वारले, त्यांचा दर्गा खुलताबादला आहे.

म्हणजे जातीवर प्रहार करणारी कन्नड आणि मराठी वाणी चिश्ती खानकाहच्या आधीची आहे. यावर कोणी म्हणेल, एखादा फकीर त्याआधीही आला असेल. आला असेल. पण अशा जुन्या आगमनाच्या कथा बहुधा दर्ग्यांच्या चरित्रांत असतात, आणि ती चरित्रे कित्येकदा काही शतकांनंतर लिहिलेली असतात. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवर लिहिताना नेमके हेच तपासले, की कोणती गोष्ट समकालीन कागदात आहे आणि कोणती नंतरच्या भक्तांनी रचली. शक्यता आणि पुरावा यांत फरक आहे. तो पुसला तर आपणही पुराणकथाच सांगू लागतो.

दुसरी कसोटी भेटीची, आणि ती फसवी आहे. कंधारच्या हाजी सय्याह दर्ग्यात किंवा लातूरच्या सुरतशहावली दर्ग्यात सगळ्या जातीधर्मांची माणसे जातात. ते खरे आहे आणि ते जपलेही पाहिजे. पण एका चौकटीवर डोके टेकवले म्हणजे विचार बदलला असे होत नाही. नवस बोलायला दर्ग्यात जाणारा पाटील घरी परतल्यावर महारवाड्याचे पाणी पीत नव्हता. एकत्र येणे हा सहवासाचा पुरावा आहे. प्रभाव म्हणायचे तर एकाचा शब्द दुसऱ्याने घेतला, त्यावर विचार केला आणि त्यात काहीतरी बदलले, हे दाखवावे लागते.

असे दाखवता येईल असा पुरावा आपल्या नांदेडात आहे. तो हजूर साहिबमध्ये रोज वाचला जातो.

1708 साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला देह ठेवण्याआधी देहधारी गुरूंची परंपरा थांबवली आणि ग्रंथालाच गुरू मानायला सांगितले. त्या ग्रंथाची पहिली संहिता गुरू अर्जन यांनी 1604 साली सिद्ध केली. तीत शिंपी नामदेवांची साठच्या आसपास पदे आहेत. विणकर कबीर, चर्मकार रविदास, न्हावी सैन, कसाई सधना आहेत. आणि त्यांच्याच पंक्तीला शेख फरीद आहेत, म्हणजे निजामुद्दीनांचे गुरू, पंजाबातले चिश्ती सूफी. आपल्या खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीनांचे ते आजेगुरू.

हा नुसता मान देण्याचा प्रकार नाही, हे फरीदांच्या श्लोकांचा विभाग उघडला की कळते. त्यात 130 श्लोक आहेत, पण त्यातले 18 फरीदांचे नाहीत, शीख गुरूंचे आहेत. ते मध्ये मध्ये घातलेले आहेत, आणि बरेचसे फरीदांना उत्तर म्हणून. एका श्लोकात फरीद म्हणतात, की प्रियकर भेटणार असेल तर मी देह भट्टीसारखा तापवीन, हाडांचे सरपण करीन, पाय थकले तर डोक्यावर चालेन. लगेच पुढे नानकांचे उत्तर येते, की देह कशाला तापवतोस, डोक्याने आणि पायांनी काय बिघडवले आहे, तो तर आतच आहे. नानकांचा हाच श्लोक ग्रंथात आणखी एका ठिकाणी त्यांच्या नावाखाली येतो, त्यामुळे उत्तर कोणाचे याची शंका उरत नाही.

चार आणे दिसतात ते इथे. नानकांनी फरीदांची प्रतिमा घेतली, भट्टी घेतली, सरपण घेतले आणि निष्कर्ष उलटा काढला. देहदंड नाकारला. संपादकाने दोघांचेही शब्द शेजारी ठेवले, फरीदांना गाळले नाही आणि नानकांना गप्प केले नाही. इतिहासकाराने 'प्रभाव' हा शब्द वापरावा तो अशा ठिकाणी. प्रभाव म्हणजे नक्कल नव्हे. दुसऱ्याच्या वाक्याला मनावर घेऊन भांडणे हाही प्रभावच असतो.

याही पुराव्याला मर्यादा आहे. फरीद 1265च्या सुमारास वारले, नानक जन्मले 1469 साली. मधल्या दोनशे वर्षांत हे श्लोक कुठे होते? निजामुद्दीनांची संभाषणे अमीर हसन सिज्झी यांनी तारखांसह टिपून ठेवली आहेत. फरीदांकडे योगी येत, त्यांच्याशी बोलणे होई, हे त्या नोंदींत आहे. हे श्लोक मात्र नाहीत. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, की श्लोक फरीदांच्या गादीवरच्या शेख इब्राहिम यांचे असावेत, ज्यांची आणि नानकांची भेट झाली असे शीख परंपरा सांगते. वाद मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट पक्की राहते : पंजाबी बोलणारी सूफी वाणी गुरूंपर्यंत पोहोचली होती आणि तिला उत्तर दिले गेले.

आता आपल्या दृष्टीने कळीचा प्रश्न. या देवाणघेवाणीने जातीचे काय झाले? बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या वादात संतांबद्दल स्पष्ट सांगितले, की त्यांनी माणूस आणि देव यांच्यातली समता मागितली, माणसामाणसांतली जातव्यवस्था मोडायला ते उभे राहिले नाहीत. आणि पाकिस्तानवरच्या ग्रंथात मुसलमानांतली अशरफ, अजलफ, अरजल ही उतरंडही त्यांनी आकड्यांच्या नोंदींसह दाखवली. सूफींच्या गाद्या वंशाने चालल्या, त्यांना इनाम जमिनी मिळाल्या. दोन्ही बाजूंनी देवापुढची समता देऊ केली, पण गावातली जमीन आणि पाणी होते तिथेच राहिले. 'समन्वय' म्हणून गोड गायले जाते तेव्हा हे हटकून वगळले जाते.

शेवटी स्वतःकडे बघू. आपल्यातही एक ओळ फिरते : विठ्ठल म्हणजे बुद्धच. बाबासाहेबांनी देहूरोडला 1954 साली तसे म्हटले होते, आणि त्यावर आपण लिहिणार असल्याचेही सांगितले होते. ते लिहिणे पूर्ण झाले नाही. आपण तेवढ्यावर जयजयकार करून थांबतो. समोरच्याच्या दाव्याला तारीख, भेट आणि घेतलेला शब्द मागणाऱ्याने आपल्या दाव्यालाही तेच मागितले पाहिजे. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला, आणि त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत इतिहासकाराने निश्चित आणि अनिश्चित यांची सरमिसळ करू नये हे गटेच्या आधाराने मांडले. अर्पणपत्रिका आपल्याला पाठ आहे. प्रस्तावनाही वाचा.

जय भीम.