लेख छाटताना कोणाचे शब्द ठेवावेत?

अडीच हजार शब्दांचा लेख आठशे शब्दांत बसवायचा असतो, तेव्हा उपसंपादकाची कात्री बहुधा आधी निवेदनावर चालते. अवतरणे ‘जिवंत’ वाटतात म्हणून ती राहतात आणि लेख सुट्या उद्गारांची माळ होतो. उलट अवतरणे सरसकट उडवली, तर कोण कशाची जबाबदारी घेतो आहे, हेच कळेनासे होते. म्हणून प्रत्येक अवतरणाचा निवाडा वेगळा करावा लागतो. तो कसा करावा, हे एका उदाहरणावरून पाहू.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. फळबागांसाठी सरकारने हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर केली. इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात, त्यामुळे दहा गुंठ्यांच्या वाडीला या हिशेबाने जेमतेम पाच हजार मिळत होते. अशा विषयावरचा एक लांब लेख आपल्या टेबलावर आला आहे, असे समजा. पुढची दोन्ही अवतरणे उदाहरणासाठी बेतलेली आहेत.

बागायतदार म्हणतो : “दोनशे पोफळी होत्या, दीडशे मोडल्या. नवी लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं. पंचनामा झाला, नाही म्हणत नाही. पण त्यांनी गुंठे मोजले, झाडं नाही मोजली. मी आता साठीचा. मी लावलेली सुपारी मला बघायला मिळेल का?”

पहिली दोन वाक्ये माहिती देतात. ती निवेदनात घ्यावीत : ‘त्यांच्या सांगण्यानुसार दोनशेपैकी दीडशे पोफळी मोडल्या, नव्या झाडाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात.’ दीडशेचा आकडा पडताळलेला नसेल, तर ‘त्यांच्या सांगण्यानुसार’ हे दोन शब्द जागा वाचवण्यासाठी काढू नयेत. ते काढले की बागायतदाराचा दावा आपला होतो.

गुंठे आणि झाडांचे वाक्य मात्र त्याच्याच तोंडी राहायला हवे. तो आक्षेप आहे, त्याची जबाबदारी बोलणाऱ्याची आहे आणि त्याहून नेमके आपल्याला लिहिता येणार नाही. पण एवढेच वाक्य ठेवले, तर पंचनामा झाल्याची त्याने दिलेली कबुली गळते आणि माणूस होता त्यापेक्षा कडवट दिसतो. कबुली निवेदनात घेऊन आक्षेप अवतरणात ठेवावा : ‘पंचनामा झाल्याचे ते मान्य करतात. “पण त्यांनी गुंठे मोजले, झाडं नाही मोजली,” असे त्यांचे म्हणणे.’ हेक्टरी मदतीचा हिशेब लेखातून गेला असेल, तर या वाक्याचा अर्थच लागणार नाही. म्हणजे अवतरण वाचवायचे, तर त्याला आधार देणारे निवेदनही वाचवावे लागते.

शेवटचा प्रश्न हृदयाला भिडतो. लेखात आणखी तीन बागायतदार हेच बोलत असतील, तर एकाचेच ठेवावे आणि बाकीचे पूर्ण गाळावेत. चौघांच्या वाक्यांतून एक सुबक वाक्य जुळवणे मात्र सर्वस्वी गैर. एकाच माणसाची दूरदूरची दोन वाक्ये एका अवतरणचिन्हात जोडणेही तसेच. मध्ये ‘ते पुढे म्हणाले’ घालावे आणि दोन अवतरणे करावीत. बोली ‘शुद्ध’ करण्याचा मोह झाला, तर चिन्हे काढून आशय आपल्या शब्दांत सांगावा. चिन्हांच्या आत शब्द बोलणाऱ्याचेच हवेत.

आता अधिकाऱ्याचे उत्तर : “सध्याच्या निकषाप्रमाणे मदत क्षेत्रावर मिळते. झाडागणिक मदतीचा प्रस्ताव पाठवला आहे. मंजूर झाला, तर फरकाची रक्कम देऊ.” भाषा कार्यालयीन आहे, तेव्हा आशय सांगितला तरी चालते. पण ‘मंजूर झाला, तर’ ही अट कापली की साध्या शक्यतेचे आश्वासन होते. आक्षेप ठेवला असेल, तर हे उत्तर गाळताही येत नाही. एका ओळीत का होईना, ते त्याच्या शेजारीच यायला हवे.

आशय सांगताना मराठीत एक खास घोटाळा होतो. ‘अधिकारी म्हणाले की आम्ही प्रस्ताव पाठवला आहे’ यातला ‘आम्ही’ कोण? शेजारच्या परिच्छेदात बागायतदारांची संघटना असेल, तर वाचक हमखास चुकतो. ‘तालुका कार्यालयाने प्रस्ताव पाठवल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले’ असे लिहिले की शंका राहत नाही. क्रियापदही जपावे. ‘सांगितले’च्या जागी ‘कबूल केले’ आले, तर न झालेली चूक त्यांच्या पदरात पडते.

छाटणी संपल्यावर मूळ लेख आणि छोटा लेख शेजारी ठेवून फक्त माणसांची विधाने वाचावीत. अट, कबुली किंवा ‘पण’ कुठे गळले, ते तिथे दिसते. गाळलेल्या माणसाचे आडनाव पुढे ओळखीशिवाय आले आहे का, तेही पाहावे. शंका उरलीच, तर वार्ताहराला फोन करून मूळ टिपण तपासून घ्यावे, आणि तेही शक्य नसेल, तर ते अवतरण छापू नये.