पहिले पाच सेकंद

सांगलीच्या एका घरात गेली अनेक वर्षे खाकरा भाजला जातो. सासूबाई भाजतात, सूनबाई मोजून पाकिटे भरतात आणि मुलगा दुकान सांभाळून संध्याकाळी पार्सले पोहोचवतो. ठरलेली गिऱ्हाइके टिकून आहेत, पण त्यांची पुढची पिढी पुण्या-मुंबईला गेली आहे आणि ती मोबाइलवर पाहून मागवते. म्हणून मुलाने मोबाइल उभा धरून तीस सेकंदांचा एक व्हिडिओ केला. चित्रण स्वच्छ होते, प्रकाश चांगला होता, मागे मंद सनईही होती. तरी ऑर्डर एकही आली नाही.

व्हिडिओ शेवटपर्यंत किती जण थांबले, हे दाखवणारी एक रेषा इन्स्टाग्राम आणि यूट्यूब दोन्ही ठिकाणी खातेदाराला पाहता येते. ती डावीकडे उंच सुरू होते आणि प्रेक्षक निघून जातील तशी उतरते. या व्हिडिओची रेषा चौथ्या सेकंदाच्या आतच कोसळली होती. त्यानंतर ती जवळजवळ सपाट चालली होती. म्हणजे जे थोडे थांबले, त्यांना पुढचे सारे आवडले होते. दोष फक्त दारातच होता.

दारात काय होते? आधी दोन सेकंद पाकिटावरचे बोधचिन्ह फिरत होते, मग आवाज येत होता, "जय जिनेंद्र, आमच्या घरगुती खाकऱ्यांच्या दालनात आपले सहर्ष स्वागत आहे." दुकानाच्या पायरीवर हे शोभते, कारण तेथे माणूस स्वतःहून चढून आलेला असतो. मोबाइलवर तो आलेला नसतो. त्याचा अंगठा आधीच पुढच्या व्हिडिओकडे सरकत असतो आणि ज्याला अजून काही दिसलेच नाही, त्याचे स्वागत त्याला नको असते.

सूनबाईंनी पहिले पाच सेकंद नव्याने लिहायला घेतले. पाच सेकंदांत सावकाश मराठीत दहा-बारा शब्द बसतात. घड्याळ लावून मोठ्याने वाचले की हे लगेच कळते. त्यांचे पहिले वाक्य होते, "हा खाकरा पाहून तुम्ही थक्क व्हाल!" हे बसले, पण टिकण्यासारखे नव्हते. खाकरा पाहून कोणी थक्क होत नाही. अशा वाक्यावर माणूस आठ सेकंद थांबतो आणि वचन खोटे निघाले की चिडून जातो. तेव्हा रेषा आरंभी नव्हे, मध्यावर तुटते. कोठे तुटते यावरून चूक ओळखता येते : अगदी सुरुवातीला तुटली तर पहिले चित्र किंवा पहिला शब्द कच्चा आहे, आणि पाच-सहा सेकंदांनी तुटली तर जे सांगितले ते दाखवलेले नाही.

दुसरे वाक्य अधिक चांगले होते, "खाकरा डब्यात मऊ पडतो? मग तो नीट भाजलेलाच नाही." यात गिऱ्हाइकाची खरी अडचण होती. मुलाला ते फार आवडले. सासूबाईंनी मात्र मान हलवली.

"अगं, डब्याचे झाकण सैल असले तरी मऊ पडतो. आपलाही पडेल. उगाच दुसऱ्याच्या भाजण्याला नावे कशाला ठेवायची?"

हा आक्षेप केवळ भिडेचा नव्हता, तो जाणकाराचा होता. भाजलेला खाकरा हवेतली ओल घेतो. आत आधीच ओल उरली असेल तर तो लवकर वाकतो, पण पावसाळ्यात उघड्या डब्यात उत्तम खाकराही वाकतो. वाक्य अर्धे खरे होते, आणि अर्ध्या खऱ्या वाक्यावर आलेले गिऱ्हाईक पहिल्याच मऊ पाकिटासरशी तेच वाक्य परत ऐकवते. खाद्यपदार्थाच्या बाबतीत तर कायद्याचीही मर्यादा आहे. रोग बरा करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही, मग तो पाच सेकंदांचा का असेना. "मधुमेहावर रामबाण" असे लिहिण्याचा मोह नाचणीचा खाकरा करणाऱ्यांना होतो, तो टाळलेलाच बरा.

मग तिघांनी प्रयोग केला. एकाच कणकेचे दोन खाकरे घेतले. दोन्ही आधी अर्धे शेकून ठेवले, नंतर मंद आचेवर कापड गुंडाळलेल्या लाकडी ठोकळ्याने दाबून भाजले. एक मिनिटभर आधी उतरवला, दुसरा कडेपासून मध्यापर्यंत पुरता कोरडा होऊ दिला. निवल्यावर एक वाकला, दुसरा कडकन मोडला. आता सांगण्यासारखे काही हातात होते, आणि ते घडलेले होते. वाक्य आपोआप आले :

"दोन्ही एकाच कणकेचे. हा वाकला, हा मोडला. फरक शेवटच्या मिनिटात पडला."

यातला प्रत्येक शब्द सासूबाईंनी मान्य केला.

चित्रणातही काही गोष्टी सुधाराव्या लागल्या. पहिल्या प्रयत्नात हात टेबलाकडे येतो, खाकरा उचलतो, मग वाकवतो, यातच दीड सेकंद जात होता. तो कापून टाकला. आता पहिल्याच चौकटीत खाकरा अर्धा वाकलेला दिसतो आणि दुसऱ्या सेकंदाला दुसरा मोडतो. मोडण्याचा आवाज हेच या व्हिडिओचे भांडवल, म्हणून सनई काढली आणि मोबाइल खाकऱ्यापासून वीतभर अंतरावर ठेवला. पण पुष्कळ जण आवाज बंद ठेवून पाहतात. त्यांच्यासाठी खाकरा काळ्या पाटावर मोडला, म्हणजे उडालेला चुरा दिसतो, आणि वर ठळक अक्षरांत चारच शब्द ठेवले : "एकाच कणकेचे दोन खाकरे". हे शब्द चौकटीच्या वरच्या भागात, पण अगदी कडेला नव्हेत असे घेतले. खालच्या पट्टीवर खात्याचे नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला बटणे येतात. तेथे लिहिलेले झाकले जाते, आणि हे टाकल्यानंतरच कळते.

कांदा-लसूण नाही, हे आरंभीच का सांगितले नाही, असे एका नातेवाइकांनी विचारले. साध्या जिऱ्याच्या खाकऱ्यात ते असेल अशी शंका मुळात कोणाला येत नाही, म्हणून ती माहिती तेथे कोणाला थांबवत नाही. कच्च्या केळ्याचे सामोसे विकायचे असते तर गोष्ट निराळी होती. बटाटा नसलेला सामोसा फोडून दाखवणे हाच तेथे आरंभ झाला असता. आणि "जय जिनेंद्र"? ते व्हिडिओच्या अखेरीस गेले, जेथे ऑर्डरचा क्रमांक येतो. तेथवर आलेला माणूस ते ऐकून घेतो.

सहाव्या सेकंदापासून तवा दिसतो, ते शेवटचे मिनिट दिसते, ठोकळा कडेकडेने फिरतो. बाकीचा भाग जुन्या व्हिडिओतलाच ठेवला, म्हणजे फरक पडला तर तो आरंभामुळे हे समजावे. या वेळी रेषा हळूहळू उतरली. तरी पाहणारे काही शेच होते, आणि एवढ्या थोड्या संख्येवरून निष्कर्ष काढू नये, म्हणून आणखी तीन व्हिडिओ होईपर्यंत थांबायचे मुलाने ठरवले.

ऑर्डरींआधी आलेला पहिला संदेश पुण्याहून होता : "तो वाकलेला खाकरा टाकून दिला का?"

टाकलेला नव्हता. सासूबाईंनी तो पुन्हा मंद तव्यावर ठेवून कडक केला होता आणि संध्याकाळच्या चहाबरोबर खाल्ला होता. पुढच्या व्हिडिओचे पहिले पाच सेकंद त्याचेच आहेत.