यंत्र बरोबर, नमुना बिघडलेला



‘यंत्र चुकत नाही’ हा प्रयोगशाळेचा खुलासा अपुरा आहे. काटेवाडीतल्या एका वृद्धेच्या अहवालात पोटॅशियम ६.८ आले, ते साधारण ३.५ ते ५ असावे लागते. रक्तदाबाची गोळी थांबली, पोटॅशियम उतरवणारी पावडर सुरू झाली. ईसीजी आणि मूत्रपिंडाची तपासणी मात्र दोन्ही निर्दोष! शंका तिथेच यायला हवी होती.

पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत असते. सकाळी गावात घेतलेले रक्त सीरम वेगळे न करता दुपारपर्यंत पडून राहिले, की पोटॅशियम बाहेर झिरपते. तांबड्या पेशी फुटल्या तर सीरम लालसर दिसते. नुसत्या उशिराने मात्र ते स्वच्छच दिसू शकते. म्हणून नमुना घेतल्याची आणि सीरम वेगळे केल्याची नोंदलेली वेळ कुटुंबाला मिळालीच पाहिजे. नाहीतर फेरतपासणीत आकडा उतरला, की ‘औषधाने उतरला’ असे सांगितले जाईल.

ताज्या नमुन्याची विनाशुल्क तपासणी आणि लेखी दुरुस्ती, एवढीच कुटुंबाची मागणी आहे. आयएसओ १५१८९ मानकानुसार सुधारित अहवालावर तसा स्पष्ट उल्लेख, तारीख आणि मूळ अहवालाचा संदर्भ लागतो. जुना कागद गुपचूप बदलून देणे ही दुरुस्ती नव्हे.