दादीच्या बाटलीत कॅल्शियम किती?

आठवीच्या वर्गाला आम्ही सांगितले होते की, घरात पाण्याची रिकामी बाटली असेल तर वरचा कागद न काढता घेऊन या. सतरा बाटल्या जमा झाल्या. 'मिनरल वॉटरची बाटली कोणाकोणाकडे आहे?' असे विचारल्यावर सतराही हात वर गेले. मग एकेकीला कागदावरचे नाव मोठ्याने वाचायला लावले. सोळा बाटल्यांवर 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' असे छापलेले होते. 'नॅचरल मिनरल वॉटर' फक्त एका बाटलीवर होते, आणि ती दुबईहून आलेल्या कोणाच्या तरी मामूंच्या सामानातून आली होती.

एक मुलगी मात्र गप्प झाली. सुट्टीत जवळ येऊन म्हणाली, "टीचर, आमच्या दादीची हाडे ठिसूळ झाली आहेत. कोणीतरी अब्बांना सांगितले की, मिनरल वॉटरमध्ये कॅल्शियम असते, तेच पाजा. आम्ही रोज दोन बाटल्या आणतो." लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे रोजचे चाळीसेक रुपये, महिन्याचे बाराशे. घरात कमावणारा एक. म्हणून ती बाटली आम्ही तिच्याबरोबर बसून नीट वाचली.

आधी नाव. आपल्याकडे कायद्याने ही दोन वेगळी पाणी आहेत. नॅचरल मिनरल वॉटर जमिनीखालच्या ठरावीक झऱ्यातून किंवा स्रोतातून येते आणि त्या स्रोताजवळच बाटलीत भरावे लागते. टँकरने दुसरीकडे नेऊन भरता येत नाही. त्यातली खनिजे निसर्गाने दिली तशीच राहिली पाहिजेत. गाळणे, लोह किंवा मँगनीजसारखे न टिकणारे घटक वेगळे करणे एवढीच मुभा असते. पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर कुठलेही असू शकते, बोअरचे किंवा नळाचेसुद्धा. ते बहुधा आरओच्या पडद्यातून काढतात, म्हणजे जंतूंबरोबर क्षारही बरेचसे निघून जातात. मग चवीसाठी थोडे क्षार परत मिसळतात. बाटलीवर आयएसआयचा शिक्का असेल तर त्याच्या वरचा आकडा पाहावा: १४५४३ असेल तर पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर, १३४२८ असेल तर नॅचरल मिनरल वॉटर. ऑक्टोबर २०२४ पासून हा शिक्का सक्तीचा राहिलेला नाही, तेव्हा तो दिसला नाही तर नाव आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक पाहावा.

दादीच्या बाटलीवर नावाच्या खाली बारीक अक्षरात 'विथ अ‍ॅडेड मिनरल्स' असे होते. सारा घोटाळा या तीन शब्दांत आहे. मिसळले काय, ते मागच्या बाजूला घटकांमध्ये सापडले: मॅग्नेशियम सल्फेट आणि पोटॅशियम बायकार्बोनेट. कॅल्शियमचे नावच नव्हते. मुलीने कागद दोनदा फिरवून पाहिला. खरेच नव्हते. कंपनीने लबाडी केलेली नव्हती. खनिजे मिसळली असे लिहिले होते आणि कोणती तेही लिहिले होते. कॅल्शियम ऐकणाऱ्याने आपल्या मनाने घातले होते.

आता दुबईच्या बाटलीकडे येऊ. ती फ्रान्समधल्या एव्हियाँ गावच्या झऱ्याची होती. असे पाणी भरणाऱ्याला खनिजांचे आकडे छापावेच लागतात. तिच्यावर एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम २६, सोडियम ६.५ आणि बायकार्बोनेट ३६० असे आकडे होते. क्लोराइड, सल्फेट, सिलिका वगैरे किरकोळ मंडळी मिळून ४४च्या आसपास. शेवटी लिहिले होते की, १८० अंशांवर सुकवल्यावर ३४५ मिलिग्रॅम उरतात. हा शेवटचा आकडा म्हणजेच टीडीएस, पाणी उडून गेल्यावर मागे राहणारे सारे विरघळलेले पदार्थ.

एका चुणचुणीत मुलीने बेरीज केली आणि हात वर केला, "टीचर, बेरीज ५१६ येते, मग ३४५ कसे?" प्रश्न इतका नेमका होता की, त्या तासाचा बाकीचा पाठ आम्ही बाजूलाच ठेवला. पाणी तापून आटते तेव्हा बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते, आणि त्याचे जवळजवळ निम्मे वजन कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन उडून जाते. बोअरचे पाणी उकळल्यावर पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तो याच बदलातून आलेला असतो. ३६०चे निम्मे १८० वजा केले की ३३६ उरतात, म्हणजे ३४५च्या अगदी जवळ. तेव्हा खनिजांची बेरीज टीडीएसपेक्षा मोठी दिसली तर लेबल चुकले असे समजू नये, आधी बायकार्बोनेट निम्मे करून पाहावे.

टीडीएसबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध, असे मानतात. बाजारात मिळणारे पेनासारखे मीटर खरे तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देते. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. चिमूटभर मीठ टाकले तरी आकडा चढतो, आणि जुलाबाचे जंतू असलेल्या पाण्यातही तो ५० दाखवू शकतो. शिसे किंवा आर्सेनिक धोकादायक ठरते ते लिटरला मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास, आणि मीटर मोजते पूर्ण मिलिग्रॅममध्ये. कायद्याने पॅकेज्ड पाण्याचा टीडीएस ५००च्या वर जाता कामा नये, आणि नॅचरल मिनरल वॉटरचा १५० ते ७०० असू शकतो. म्हणजे महागड्या पाण्याचा आकडा स्वस्त पाण्याहून मोठा असणे यात नवल काहीच नाही.

टीडीएस मोठा म्हणजे मीठ जास्त, हीसुद्धा एक भीती असते. रक्तदाबवाल्यांनी टीडीएस सोडून सोडियमची ओळ वाचावी. एव्हियाँच्या लिटरभर पाण्यात ते ६.५ मिलिग्रॅम आहे. एक ग्रॅम मिठात ४००च्या आसपास असते.

खैर, दादीकडे परत येऊ. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. समजा अब्बांनी हौसेने एव्हियाँच्याच दोन बाटल्या रोज आणल्या, तरी १६० मिलिग्रॅम मिळतील. दोनशे मिलिलिटर गाईच्या दुधात २३० ते २४० असते. म्हणजे एक पेला दूध बरोबर तीन लिटर एव्हियाँ. आणि सध्या दादी जे पाणी पीत होत्या, त्यात आरओनंतर उरलेसुरले असेल तेवढेच. काही ठिकाणच्या बोअरच्या जड पाण्यात याहून जास्त कॅल्शियम असते, ज्याला आपण 'खारट' म्हणून नावे ठेवतो.

नळाचे पाणी स्वच्छ येत नसेल तर बाटली घेण्यात काही चूक नाही. त्या मुलीच्या घरी मात्र नगरपालिकेचे पाणी येते आणि बाकी सगळे तेच उकळून पितात. तिने वहीत दोन ओळी लिहून नेल्या: दोन बाटल्या, कॅल्शियम लिहिलेले नाही, एक पेला दूध, २३०. त्याखाली अब्बांसाठी एक प्रश्न होता, दादींना दूध पचत नाही, मग दही चालेल का? आम्ही सांगितले, कॅल्शियमसाठी चालेल, वाटीभर दह्यातही चांगले असते. पण हाडांची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती दह्यावर भागवू नका.